घटक ४ : सदनिका प्रकल्पाची समाजमाध्यमांवरील जाहिरात – विधान, सूचन आणि उत्तरदायित्व

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण वृत्तपत्रीय जाहिरातीच्या भाषेचा परिचय करून घेतला. शीर्षक, मजकूर, आवाहन ही तिची अंगे आपण पाहिली. प्रस्तुत घटकात आपण जाहिरातलेखनाचे एकच क्षेत्र निवडणार आहोत : नव्या गृहप्रकल्पातील सदनिका विक्रीस निघतात तेव्हा समाजमाध्यमांवर प्रसिद्ध केला जाणारा मजकूर. या घटकाच्या अभ्यासानंतर अशा मजकुरातील प्रत्येक वाक्य काय सांगते व काय सुचवते हे आपणांस वेगळे करता यावे, आणि कायद्याच्या चौकटीत बसणारा प्रामाणिक मजकूर स्वतः लिहिता यावा, अशी अपेक्षा आहे.

हेच क्षेत्र निवडण्यास एक कारण आहे. साबणाची जाहिरात अतिशयोक्त असली तर ग्राहक पुढच्या वेळी दुसरा साबण घेतो. सदनिकेच्या बाबतीत ‘पुढची वेळ’ बहुधा नसते. भविष्यनिर्वाह निधी, दागिने आणि वीस वर्षांचे कर्ज एकत्र करून माणूस जी वस्तू घेतो, ती घेताना अनेकदा ती अस्तित्वातही आलेली नसते. त्याच्यासमोर असतात ती केवळ चित्रे आणि वाक्ये. येथे वाक्य हेच काही काळापुरते घर असते, आणि म्हणून वाक्यातील क्रियापदाचा काळ चुकला तरी त्याची किंमत लाखांत मोजली जाते.

४.२ कायद्याची चौकट

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा या क्षेत्रातील मूळ कायदा होय. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातील ‘महारेरा’, करते. जाहिरातलेखकाला या कायद्यातील चार कलमे ठाऊक असली तरी त्याचे बरेचसे काम भागते.

कलम २ मध्ये ‘जाहिरात’ या संज्ञेची व्याख्या आहे. कोणत्याही माध्यमातून, कोणत्याही रूपात केलेली प्रसिद्धी तीत येते. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवरील स्टेटस, तीस सेकंदांची चित्रफीत, किंवा एखाद्याने विचारलेल्या प्रश्नाला विकासकाच्या खात्यावरून दिलेले दोन ओळींचे उत्तर यांना ‘ही काही जाहिरात नव्हे’ असे म्हणून बाजूला काढता येत नाही.

कलम ३ नुसार नोंदणी करण्यापूर्वी प्रकल्पाची जाहिरात, विक्री किंवा बुकिंग करता येत नाही, तसेच खरेदीसाठी कोणास निमंत्रितही करता येत नाही. लहान प्रकल्पांना काही सूट आहे. तिचा विचार येथे नको. भाषेच्या विद्यार्थ्याने ‘निमंत्रण’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. ‘लवकरच येत आहे, इच्छुकांनी नाव नोंदवावे’ या वाक्यात ‘विक्री’ हा शब्द नाही, किंमत नाही, सदनिकेचा आकारही नाही. परंतु ‘नोंदवावे’ हे विध्यर्थी क्रियापद निमंत्रणाचेच काम करते. नोंदणी हाती येण्यापूर्वी उत्सुकता चाळवण्यासाठी टाकलेला असा मजकूर, लेखकाला कितीही निरुपद्रवी वाटला, तरी कायद्याच्या दृष्टीने धोक्याचाच होय. नोंदणीविना प्रसिद्धी केल्यास प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

कलम ११ नुसार जाहिरातीत प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे देणे आणि नोंदणी क्रमांक नमूद करणे बंधनकारक आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने क्यूआर कोडही अनिवार्य केला, आणि एप्रिल २०२५ मध्ये या तिन्ही गोष्टी जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात, संपर्क क्रमांकाच्या व पत्त्याच्या अक्षरांपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत छापण्यास सांगितले.

कलम १२ आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील चुकीच्या, खोट्या विधानावर विसंबून कोणी पैसे भरले व त्याचे नुकसान झाले, तर विकासकाने त्याची भरपाई करावी. आणि त्या ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडावयाचे असेल, तर त्याची संपूर्ण रक्कम व्याजासह परत करावी, असे हे कलम सांगते. याचा अर्थ असा की करारनाम्यातील बारीक अक्षरांइतकेच फोनवर आलेल्या चित्रावरील ठळक अक्षरांनाही वजन आहे.

४.३ एक मसुदा

एका छोट्या जाहिरातसंस्थेत काम करणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थिनीने काही वर्षांपूर्वी मला एक मसुदा दाखवला होता. ‘सर, यात एकही खोटा शब्द नाही,’ असे ती म्हणाली, आणि ते बहुतांशी खरे होते. त्या मसुद्याचा साचा घेऊन, स्थळ व आकडे बदलून, अभ्यासासाठी एक कल्पित मजकूर पुढे दिला आहे. प्रकल्प नाशिक शहराच्या दक्षिण हद्दीजवळ आहे असे समजू. विक्रीचा आरंभ जानेवारी २०२६ मधील आहे.

‘नाशिकच्या हृदयात, निसर्गाच्या कुशीत! मध्यवर्ती बसस्थानकापासून अवघ्या १० मिनिटांवर, प्रस्तावित रिंग रोडलगत, ८५० चौ. फुटांचे प्रशस्त २ बीएचके फक्त ३९ लाखांपासून! तरणतलाव, क्लबहाऊस, जॉगिंग ट्रॅक. दोन वर्षांत ताबा. शेवटची काही घरे शिल्लक! आजच रु. ११,००० भरून आपले घर निश्चित करा. अटी लागू.’

कागदपत्रांतील वस्तुस्थिती अशी : पहिल्या टप्प्यात एक इमारत व ३२ सदनिका. प्रत्येकीचे चटई क्षेत्र, म्हणजे आपण बोलताना ज्याला कार्पेट एरिया म्हणतो ते, ५६.२ चौ. मीटर, बाल्कनी ५.१ चौ. मीटर. पहिल्या मजल्यावरील मागच्या बाजूच्या ४ सदनिकांची किंमत ३९ लाख, उरलेल्यांची त्याहून अधिक, कमाल ४५ लाख ५० हजार. आच्छादित वाहनतळाचे २ लाख निराळे. तरणतलाव व क्लबहाऊस दुसऱ्या टप्प्यात असून त्या टप्प्याची नोंदणी झालेली नाही. महारेराकडे नोंदवलेली पूर्णत्वाची तारीख ३१ डिसेंबर २०२८. बसस्थानक रस्त्याने ७.४ किलोमीटर.

४.४ मसुद्याचे परीक्षण

जाहिरातीतील शब्दांचे दोन गट करता येतात. ‘निसर्गाच्या कुशीत’ किंवा ‘स्वप्नातले घर’ हा अलंकार होय. तो खोटा ठरवता येत नाही, कारण त्याच्या खरेपणाची कसोटीच नाही. जे वाक्य कागद, मोजपट्टी किंवा दिनदर्शिका यांच्या साहाय्याने खोटे ठरू शकते, ते विधान होय, आणि प्रत्येक विधानामागे लेखकाच्या हाती एक कागद असलाच पाहिजे. अडचण येते ती अलंकाराचा वेष घेतलेल्या विधानांची. ‘नाशिकच्या हृदयात’ हे दिसायला रूपक आहे. पण शहराच्या संदर्भात ‘हृदय’ म्हणजे मध्यवस्ती, हे प्रत्येक मराठी वाचक जाणतो. हद्दीजवळच्या प्रकल्पाला ते लावणे म्हणजे पत्ताच चुकीचा सांगणे. ‘कुशीत’ राहू द्यावे, ‘हृदयात’ खोडावे.

आता क्षेत्रफळ. येथे सर्वांत अधिक पैसा गुंतलेला आहे, म्हणून थोडे थांबू. कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या केली आहे : सदनिकेतील वापरता येण्याजोगे निव्वळ क्षेत्र. त्यात आतल्या भिंतींची जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, नळ-वाहिन्यांचे कप्पे, बाल्कनी आणि खुली गच्ची धरली जात नाहीत. ५६.२ चौ. मीटर म्हणजे सुमारे ६०५ चौ. फूट. मसुद्यातील ८५० हा आकडा जिना, उद्वाहक, प्रवेशकक्ष यांचा वाटा मिळवून तयार झालेला आहे. बाजारात त्याला ‘सेलेबल’ असे नाव आहे. तो आकडा हवेतून आलेला नाही, म्हणूनच विद्यार्थिनीला तो खोटा वाटला नाही. परंतु ‘८५० चौ. फुटांचे २ बीएचके’ या शब्दयोजनेत षष्ठीचा ‘चे’ हा प्रत्यय आकड्याला घराशी जोडतो. वाचक समजतो की दाराच्या आत ८५० फूट आहेत. तो मनात भागाकारही करतो : ३९ लाख भागिले ८५०, म्हणजे फुटाला सुमारे ४,५८८ रुपये. प्रत्यक्षात ३९ लाख भागिले ६०५ केले तर दर सुमारे ६,४४६ रुपये येतो. एका प्रत्ययाने दर इतका स्वस्त भासवला. येथे उपाय एकच : चटई क्षेत्र द्यावे, बाल्कनी निराळी सांगावी, आणि ८५० हा आकडा मजकुरातून पूर्णपणे काढावा. दोन्ही आकडे शेजारीशेजारी देण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण डोळा मोठ्याच आकड्यावर स्थिरावतो.

‘३९ लाखांपासून’ यातील ‘पासून’ हे शब्दयोगी अव्यय खालची मर्यादा सांगते आणि वरची लपवते. ३२ पैकी केवळ ४ घरे त्या किमतीची आहेत, तीही मागच्या बाजूची. विधान अक्षरशः खरे. तरीही ते वाचून आलेल्या बहुसंख्य माणसांसाठी निरुपयोगी. वाक्यातून तर्काने जे गृहीत धरले जाते त्याला आपण भाषाविज्ञानात सूचितार्थ म्हणतो. किमतीचा आरंभ सांगितला की ती किंमत सर्वसाधारणपणे उपलब्ध आहे, असा सूचितार्थ निघतो. ‘३९ लाख ते ४५ लाख ५० हजार’ असे लिहिले की तो निघत नाही. त्यापुढे वाहनतळ, वस्तू व सेवा कर, मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क वेगळे, हेही म्हणावे. एकटे मुद्रांक शुल्कच ३९ लाखांवर दोन लाखांहून अधिक होते, आणि नोकरदार कुटुंबाच्या अंदाजपत्रकात ती रक्कम क्षुल्लक नसते.

सुखसोयींच्या यादीत क्रियापदच नाही. ‘तरणतलाव, क्लबहाऊस, जॉगिंग ट्रॅक.’ मराठीत क्रियापद गाळले की वाचक ‘आहे’ हेच क्रियापद मनात भरतो. ‘होईल’ भरत नाही, आणि ‘झाले तर’ तर नाहीच. प्रस्तुत मसुद्यात दोष याहून खोल आहे. प्रकल्प टप्प्याटप्प्याने उभारला जात असेल तर प्रत्येक टप्पा हा स्वतंत्र प्रकल्प मानून त्याची स्वतंत्र नोंदणी करावी, असे कलम ३ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. दुसऱ्या टप्प्याची नोंदणी नसताना त्यातील तलाव दाखवणे म्हणजे नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची जाहिरात करण्यासारखेच झाले. तेव्हा तलाव व क्लबहाऊस दोन्ही मजकुरातून जातील. पहिल्या टप्प्याच्या मंजूर नकाशात असलेला जॉगिंग ट्रॅक तेवढा राहील, तोही ‘बांधण्यात येणार’ अशा भविष्यकालीन रूपात आणि तारखेसह.

‘प्रस्तावित रिंग रोडलगत’ यातील ‘प्रस्तावित’ हे कृदंत कर्त्याचा पत्ता लागू देत नाही. कोणी प्रस्तावित केला? कोणत्या आराखड्यात? केव्हा? शहर विकास आराखड्यातील रेषा आणि भूसंपादन झालेला रस्ता यांत कधीकधी एक पिढी जाते. शिवाय ‘लगत’ हा शब्द वर्तमानातील आहे : नसलेल्या रस्त्याच्या लगत घर कसे असेल? सार्वजनिक प्राधिकरणाने प्रसिद्ध केलेला कागद दाखवता येत नसेल तर हा उल्लेख गाळणेच इष्ट. ‘१० मिनिटांवर’ याचेही तसेच. रात्री अकरा वाजता ते कदाचित खरे असेल. सकाळी दहाला नसेल. किलोमीटर मात्र दिवसरात्र तेच राहतात. ते रस्त्याने मोजलेले द्यावेत, नकाशावर पट्टी ठेवून काढलेले हवाई अंतर नव्हे.

‘दोन वर्षांत ताबा’ आणि नोंदवलेली तारीख यांत जवळजवळ एक वर्षाचे अंतर पडते. विकासक प्रामाणिकपणे सांगेल की काम लवकर संपवण्याचा त्याचा मानस आहे. मानस असू द्यावा. मजकुरात नोंदवलेलीच तारीख यावी, कारण वाचक घरभाडे आणि कर्जाचा हप्ता यांची सांगड त्या तारखेवर घालतो. ‘शेवटची काही घरे’ हे वाक्य आरंभाच्या दिवशीच यावे, याचे मला आजही नवल वाटते. नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगालाच ‘शेवटचे काही प्रयोग’ अशी पाटी लावण्यापैकी हा प्रकार.

४.५ ‘अटी लागू’ आणि भाषेची समता

मसुद्याच्या तळाशी असलेले ‘अटी लागू’ हे दोन शब्द. कोणत्या अटी? कुठे लिहिलेल्या? हा अस्वीकृतीचा मजकूर अनेकदा इंग्रजीत, मराठी मजकुराखाली, मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत असतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार अस्वीकृतीचा मजकूर मूळ दाव्याच्याच भाषेत असावा, सुवाच्य असावा, आणि मुख्य दाव्याला छेद देणारा नसावा. तो खुलासा करू शकतो, खोटे सावरू शकत नाही. मराठीच्या अभ्यासकाला ही तरतूद विशेष महत्त्वाची वाटावी. आमिष मातृभाषेत आणि सावधगिरीची सूचना परभाषेत, ही वाटणी तीमुळे अमान्य ठरते.

संकल्पनाचित्रालाही हेच लागू. चित्रातील झाडे, कारंजे आणि मागचा डोंगर जर मंजूर नकाशात वा प्रत्यक्षात नसतील, तर खाली ‘केवळ संकल्पनाचित्र’ असे लिहून भागत नाही. नसलेली वस्तू चित्रातूनच काढावी.

४.६ माध्यमाची वैशिष्ट्ये

वृत्तपत्रातील जाहिरात एका तुकड्यात राहते. समाजमाध्यमांवरील जाहिरात फुटते. चित्र एकीकडे आणि त्याखालील मजकूर दुसरीकडे असतो. कोणीतरी चित्र तेवढे उचलून कुटुंबाच्या गटात पाठवतो आणि नोंदणी क्रमांक मागेच राहतो. म्हणून क्रमांक, संकेतस्थळ व क्यूआर कोड चित्रावरच असावेत. उलट, क्यूआर कोड ज्या फोनवर दिसतो त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो वाचता येत नाही. म्हणून तोच क्रमांक व संकेतस्थळाचा पत्ता मजकुरातही टंकलेला असावा, म्हणजे वाचकाला शोध घेता येतो. तोही आरंभीच्या दोन ओळींत, कारण त्यापुढचा मजकूर बहुधा ‘अधिक’ या शब्दामागे दडतो. चित्रफितीत क्रमांक वाचून संपेपर्यंत पडद्यावर थांबला पाहिजे.

हॅशटॅगकडे कोणी वाक्य म्हणून पाहत नाही, पण बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पाखाली #तयारघर असे लिहिणे हे विधानच होय, आणि खोटे. एखाद्या लोकप्रिय व्यक्तीने मोबदला घेऊन प्रकल्पाची स्तुती केली असेल तर तो संबंध त्याच मजकुरात उघड करावा लागतो. दलालाने आपल्या स्टेटसवर मजकूर ठेवायचा तर त्याचीही महारेराकडे नोंदणी हवी. राहिला प्रश्न ‘११,००० भरून निश्चित करा’ याचा. नोंदणीकृत प्रकल्पात बुकिंगची रक्कम घेता येते. मात्र नोंदणीकृत करारनाम्याविना किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मला आक्षेप आहे तो ‘आजच’ या शब्दावर. ज्या निर्णयासाठी कागदपत्रे वाचावी लागतात, तो उरकण्यास सांगणारे क्रियाविशेषण येथे नको.

४.७ सुधारित मजकूर

‘निसर्गाच्या कुशीत २ बीएचके घरे, नाशिक शहराच्या दक्षिण हद्दीजवळ. महारेरा नोंदणी क्र. ________, संकेतस्थळ maharera.maharashtra.gov.in. पहिला टप्पा : एक इमारत, ३२ सदनिका. चटई क्षेत्र ५६.२ चौ. मीटर, सुमारे ६०५ चौ. फूट, बाल्कनी ५.१ चौ. मीटर वेगळी. किंमत ३९ लाख ते ४५ लाख ५० हजार रुपये; ३९ लाखांच्या ४ सदनिका पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूस आहेत. आच्छादित वाहनतळ २ लाख रुपये. कर, मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क वेगळे. मंजूर नकाशानुसार जॉगिंग ट्रॅक बांधण्यात येणार आहे. महारेराकडे नोंदवलेली पूर्णत्वाची तारीख ३१ डिसेंबर २०२८. मध्यवर्ती बसस्थानक रस्त्याने ७.४ किमी. मंजूर नकाशा व करारनाम्याचा मसुदा महारेराच्या संकेतस्थळावर पाहून मग आमच्या कार्यालयास अवश्य भेट द्या.’

विद्यार्थिनीने असाच सुधारित मजकूर विकासकापुढे ठेवला तेव्हा त्याची पहिली प्रतिक्रिया ‘याने कोण येणार?’ अशी होती. तो प्रश्न गैर नाही. फोन कमी आले, हे तिने मला नंतर सांगितले. पण आलेल्यांपैकी ‘मग ८५० फूट कुठे आहेत?’ असे भांडणारे कोणी नव्हते, कारण तो आकडा त्यांनी पाहिलाच नव्हता.

४.८ स्वाध्याय

१. आपल्या परिसरातील एका गृहप्रकल्पाची समाजमाध्यमावरील जाहिरात मिळवा. तिच्यातील अलंकार व विधाने वेगळी करा, आणि प्रत्येक विधानाला आधार म्हणून कोणता कागद लागेल ते लिहा.

२. त्याच प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर शोधा. जाहिरातीतील ताब्याची तारीख, क्षेत्रफळ व सुखसोयी नोंदीशी जुळतात का, ते १५० शब्दांत नोंदवा.

३. ‘मेट्रोपासून हाकेच्या अंतरावर’ या वाक्यातील अलंकार कोणता व विधान कोणते? मेट्रो मार्ग अद्याप बांधला गेला नसेल तर हे वाक्य कसे लिहाल, अथवा लिहाल का?

४. सुधारित मजकुरातील ‘बांधण्यात येणार आहे’ ही कर्मणी रचना कर्ता लपवते. कर्ता स्पष्ट करून ते वाक्य पुन्हा लिहा आणि दोन्ही वाक्यांतील उत्तरदायित्वाची तुलना करा.